‘बाथमध्ये नको’ म्हणणारी मुलगी

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगी 26 महिन्यांची आहे. मी तिच्याशी मराठी बोलते. नवरा पंजाबी घरातला, पण इथेच वाढलेला, म्हणून तो इंग्रजी बोलतो. नर्सरीतल्या बाई म्हणाल्या, हिला जेमतेम बावीस शब्द येतात, दोन भाषांनी गोंधळते, थोडे दिवस मराठी बंद ठेवा. सासूबाईंचंही तेच मत. घरीही ती ‘बाथमध्ये नको’, ‘मोअर दूध’ असं धेडगुजरीच बोलते. बंद करू का मराठी?

उत्तर: नका करू. आधी एक वही घ्या आणि आठवडाभर तिचे शब्द लिहून काढा. नर्सरीतल्या बाईंनी मोजले ते फक्त इंग्रजी शब्द. त्यांना मराठी येत नाही, त्यामुळे ‘भूर’ किंवा ‘मंमं’ त्यांच्या कानाला बडबडच वाटणार.

मोजताना काय धरायचं? ती स्वतःहून आणि दर वेळी त्याच अर्थाने जे म्हणते, ते सगळं. पाण्याला ‘पापी’ म्हणत असेल तरी तो शब्दच. भू-भू, म्याऊ हेही शब्द. ‘दे’ आणि ‘देते’ मात्र एकच धरा. तुमच्यामागून पोपटासारखं म्हटलेलं आणि नुसतं समजतं पण बोलत नाही ते सोडून द्या.

समजा, वहीत मराठीचे 31 शब्द भरले आणि इंग्रजीचे 22. एकूण झाले 53. त्यातल्या नऊ गोष्टींना तिच्याकडे दोन्ही भाषांतले शब्द आहेत, जसे पाणी आणि वॉटर. म्हणजे वेगवेगळ्या 44 गोष्टींना ती नाव देऊ शकते. दोन वर्षांच्या मुलाला साधारण पन्नास शब्द यावेत आणि दोन शब्द जोडता यावेत, असा ढोबळ निकष असतो. दोन भाषांच्या मुलासाठी तो दोन्ही भाषांतले एकूण शब्द धरून लावायचा, म्हणजे इथे 53. एकाच भाषेतले शब्द मोजले तर अशी मुलं मागे दिसतातच, कारण त्यांचा दिवस दोन भाषांत वाटला गेलेला असतो.

आता ‘बाथमध्ये नको’. मला तर हे वाक्य फार आवडलं. इंग्रजी शब्दाला तिने मराठी ‘मध्ये’ जोडलाय, तोही मागे, मराठीत जोडतात तसाच. गोंधळलेल्या मुलीला हे जमलं नसतं. जो शब्द आधी आठवला तो तिने वापरला, व्याकरण मराठीचंच ठेवलं. तुम्ही स्वतः दिवसातून किती वेळा ‘फ्रिजमध्ये ठेव’ म्हणता? तेच ती शिकली. ती ‘मोअर दूध’ म्हणाली की ‘अजून दूध हवं? हे घे अजून दूध’ एवढंच म्हणा आणि दूध द्या. ‘मराठीत सांग, मग देते’ असं अडवलंत तर ती बोलायचीच कमी होईल.

‘कावळा’चा ‘कावला’ होत असेल तर त्याचाही दोन भाषांशी संबंध नाही. पुण्यातल्या पोरांच्याही तोंडी ‘ळ’ उशिराच बसतो.

मराठी बंद केली म्हणून इंग्रजी लवकर येत नाही. तुम्ही दोघी बोलता ते मात्र आटतं. अंघोळीच्या वेळचे लाड, ‘चिऊ ये, काऊ ये’, रागावणं, हे सगळं तुमच्याकडे मराठीत आहे. इंग्रजीत तुम्ही तिला सूचना द्याल, गप्पा नाही मारणार.

पण ‘दोन भाषा आहेत, म्हणून उशीर होतोय’ असं म्हणून वाट पाहत बसणंही तितकंच चुकीचं. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. दोन्ही मिळून शब्द बरेच कमी आहेत, दोन शब्द जोडत नाही, बोटाने काही दाखवत नाही, हाकेला वळत नाही, साधं ‘चप्पल आण’ कळत नाही, असं असेल तर थांबू नका. येत असलेले शब्द गेले, तर लगेच दाखवा. कान आधी तपासून घ्या. नर्सरीत सतत सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, तेव्हा ऐकू धूसर येतं आणि कान दुखतोच असंही नाही.

तिकडे दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान हेल्थ व्हिजिटरची तपासणी असते. तिला ती वही दाखवा, मराठी शब्दांपुढे इंग्रजी अर्थ लिहून. स्पीच थेरपिस्टकडे जायची वेळ आली तर दोन्ही भाषा तपासा म्हणून सांगा, दुभाषा मागा. बऱ्याच भागांत पालकांना थेट नाव नोंदवता येतं. आणि थेरपी सुरू झाली तरी घरची मराठी चालूच ठेवायची.

सासूबाईंना वहीतल्या शब्दांवर खुणा करायला बसवा. त्यांना पंजाबीत बोलायचं असेल तर बोलू द्या, मात्र ‘हे काय म्हणतात सांग’ अशी परीक्षा कुणीच घेऊ नका.