हारातनं उजेड दिसाय पाहिजे

प्रश्न: झेंडूच्या हाराचा फोटो कटआउट करायचाय. पाकळ्या बारीक आहेत, मधे मधे फटी आहेत. मॅजिक वांडनं कडा तुटतात, पेन टूलनं दोन दिवस गेले. रांगोळीचंही तेच होतं. फोटोशॉपमध्ये दुसरी पद्धत आहे का?

आहे. पेन टूल बंद करा. हार कडेकडेनं कापायची वस्तूच नव्हे, तो फोटोतल्या रंगावरनं वेगळा काढायचा असतो. हे मी इतक्या ठामपणे का सांगतोय त्याला एक जुनं कारण आहे, त्यामुळं उत्तर जरा लांबेल.

2009 च्या नवरात्राच्या आधीची गोष्ट. मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात ऑपरेटर होतो. महाद्वार रोडच्या बाजूला हार विकणारे एक काका आले. त्यांच्या मंडळाचा वीस बाय दहाचा फ्लेक्स होता आणि त्यावर नेटवरचा हार नको, स्वतः ओवलेलाच हार पाहिजे म्हणून हटून बसले होते. पुतण्यानं काढलेला फोटो घेऊन आलेले. चुन्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला हार, केशरी झेंडू, मधे मधे आंब्याची पानं, खाली निशिगंधाचा गोंडा. ओवण सैल होती, दोन फुलांच्या मधून भिंत दिसायची.

आमच्या मालकांचा एक नियम होता: कटिंग म्हणजे पेन, बाकी सगळा पोरखेळ. मी दोन रात्री पॉइंट मारत बसलो. बाहेरची कड झाली, मग आतल्या फटी एकेक करून. शंभरेक फटी झाल्यावर हात दुखायला लागला आणि उरलेल्या बारीक फटी मी तशाच सोडल्या. ए-फोरवर प्रूफ काढून काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, कागद डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले, "पोरा, ह्यो हार माझा न्हवं. माझ्या हारातनं उजेड दिसतोय. ह्यो पत्र्यातनं कापल्यागत झालाय."

मालक म्हणाले, गिऱ्हाइकाला काय कळतंय, लाव प्रिंटला. पण काकांचं बरोबर होतं. झेंडूची पाकळी काठाला चुणीदार असते, आणि फोटोत त्या काठाचा पिक्सेल अर्धा पाकळीचा, अर्धा भिंतीचा असतो. पेननं केलेलं सिलेक्शन तिथं गुळगुळीत रेघ ओढतं. अर्धं-मुर्धं ते ठेवतच नाही. फटींचा हिशेबही बघा. तो हार फोटोत साधारण 3000 पिक्सेल उंच होता आणि फ्लेक्सवर दहा फूट होणार होता, म्हणजे इंचाला 25 पिक्सेल. स्क्रीनवर 25 पिक्सेलची जी फट मी किरकोळ म्हणून सोडली, ती चौकात इंचभर मोठी दिसणार होती, आणि तिच्यातनं पांढरी भिंत.

त्या रात्री दुकान बंद झाल्यावर मी चॅनलनं करून बघितलं. चाळीस मिनिटं लागली.

`Channels` पॅनल उघडा आणि Red, Green, Blue एकेक करून बघा. केशरी झेंडूचा आकडा साधारण लाल 240, हिरवा 150, निळा 20 असा येतो. चुन्याची भिंत तिन्हीकडं 230 च्या आसपास. म्हणजे निळ्या चॅनलमध्ये फूल जवळजवळ काळं आणि भिंत पांढरी. बहुतेक जण इथंच थांबतात, निळ्या चॅनलची कॉपी करून `Levels` मारतात, आणि मग हाराची भिंतीवरची सावलीही काळी होऊन मास्कमध्ये येते. मीही पहिल्यांदा तिथंच अडकलो.

सावली करडी असते. तिचा लाल, हिरवा, निळा जवळजवळ सारखा, समजा तिन्ही 120. मग लालातनं निळा वजा केला की काय उरतं? भिंतीचं शून्य, सावलीचं शून्य, झेंडूचं 220. फूल पांढरं, बाकी सगळं काळं, आणि मास्कला नेमकं तेच लागतं. हे करायला `Image > Calculations` मध्ये जा:

```
Source 1: Blue
Source 2: Red
Blending: Subtract   Scale: 1   Offset: 0
Result: New Channel
```

सगळं काळं आलं तर Source 1 आणि 2 ची अदलाबदल करा. फाइल RGB मध्येच पाहिजे. प्रिंटलाईनची पोरं सवयीनं आधी CMYK करून बसतात, तसं केलंत तर ह्यातलं काही जमणार नाही.

नव्या चॅनलवर `Ctrl+L`. इथं हात आवरायचा. काळा स्लायडर भिंत पूर्ण काळी होईपर्यंतच, आणि पांढरा स्लायडर फुलाचा गाभा पांढरा होईपर्यंतच. पाकळीच्या काठाला जी करडी कड उरते ती राहू द्या, बारीक पाकळी तिच्यातच असते. दोन्ही स्लायडर मधे आणून चॅनल कडक काळा-पांढरा केलात की परत पेनसारखाच पत्रा होतो. खात्री करायला चॅनल 200 टक्क्यांवर बघा. काठ जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा दिसला तर जास्त ओढलंय. फुलांच्या आतल्या सावलीत करडे डाग राहतात, त्यांच्यावर पांढरा ब्रश `Overlay` मोडमध्ये हलका फिरवा. त्या मोडमध्ये करडं उजळतं आणि फटीतलं काळं तसंच राहतं.

आंब्याची पानं मात्र ह्यात फिकी येतात, कारण पानात लाल आणि निळ्यात फारसा फरक नसतो. त्यांच्यासाठी वरचंच गणित परत करा, फक्त Source 2 ला Green घ्या. मग एका चॅनलच्या चित्रावर `Ctrl` धरून क्लिक, दुसऱ्यावर `Ctrl+Shift` धरून क्लिक, की दोन्ही सिलेक्शन एकत्र होतात. आता लेअर मास्क लावा. पान तुकतुकीत असेल तर चकाकलेल्या जागी मास्कला भोक पडतं, ते ब्रशनं बुजवायला दोन मिनिटं लागतात.

लाल पार्श्वभूमीवर हार ठेवला की काठाला चुन्याची पांढरी किनार दिसेल. मास्क आत ढकलून ती घालवू नका, पाकळ्या जातात. वर एक लेअर घेऊन हाराला क्लिप करा, मोड `Multiply`, आणि शेजारच्याच पाकळीचा रंग उचलून काठावर मऊ ब्रश फिरवा.

दुसऱ्या दिवशी काकांनी नवीन प्रूफ बघितलं. काही बोलले नाहीत, एका फटीवर बोट ठेवून मान हलवली आणि गेले. मालकांनी महिनाअखेरीस माझ्या दोन दिवसांच्या पगाराला कात्री लावली, काम दोनदा केलं म्हणून. दोनदा का करावं लागलं ते ऐकूनच घेतलं नाही. आजही आमच्या लाईनीत मी "शॉर्टकटवाला" म्हणून ओळखला जातो. हा शॉर्टकट नव्हे. पेनमध्ये तुम्ही अंदाजानं कड ठरवता. इथं फोटोत जेवढी पाकळी आलीय तेवढीच येते.

रांगोळीचं थोडक्यात सांगतो. शहाबादी फरशीवरची पांढरी रांगोळी असेल तर कापूच नका. चिमटीतनं सोडलेल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना भुकटी सांडलेली असते, तिच्यामुळंच ती रांगोळी वाटते. पेननं कापलीत की स्टिकर होतो. `Ctrl+Alt+2` दाबा (CS3 किंवा त्याआधीचं असेल तर `Ctrl+Alt+~`), फोटोतला उजेडच सिलेक्शन म्हणून येतो. त्यावर पांढऱ्या रंगाचा Solid Color लेअर घ्या आणि त्याच्या मास्कवर `Levels` मारून फरशीचा करडा काळा करा. रंग भरलेल्या रांगोळीला एवढ्यावर भागत नाही. तिथं रंगागणिक वेगळा चॅनल लागतो, आणि फरशीसारखाच करडा रंग भरला असेल तर तो भाग हातानंच मास्क करायचा.

एक गोष्ट आधीच सांगायला पाहिजे होती. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला असेल तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून परत मागवा. दाबलेल्या जेपीईजीमध्ये उजेडापेक्षा रंगाची माहिती जास्त मारली जाते, आणि आपलं गणित सगळं रंगावर चालतं. निळा चॅनल मोठा करून बघा, पाकळीच्या काठाला चौकोन चौकोन दिसले तर त्या फाइलवर वेळ घालवू नका.

आणि मालकांच्या बाजूनं एवढं मान्य करतो की गोंडा मी पेननंच काढला होता. पांढरा निशिगंध पांढऱ्या भिंतीवर असला तर कुठल्याच चॅनलमध्ये फरक मिळत नाही. तीसेक कळ्या होत्या, त्यांची कड गुळगुळीत असते, तिथं पेन शोभतं. हाराची जर, फीत, खिळा ह्यांनाही पेनच बरं.

तुमचा हार अजून सुकला नसेल तर मात्र परत फोटो काढा. मागं गडद निळी चादर लावा आणि हार तिच्यापासून दोन-तीन फूट पुढं टांगा, म्हणजे सावली चादरीवर पडणार नाही आणि चादरीचा निळा पाकळ्यांवर चढणार नाही. अशा फोटोत नुसत्या लाल चॅनलमध्ये झेंडूही उजळ येतो, निशिगंधही उजळ येतो आणि चादर काळी पडते. पानांना तेवढा हिरवा चॅनल जोडा. मी त्या वेळी मालकांकडं हेच मागितलं होतं, काकांना उद्या हार घेऊन बोलवू, मी घरनं चादर आणतो. ते म्हणाले, आपलं दुकान फ्लेक्सचं हाय, फोटो स्टुडिओ न्हवं. ती चादर आणू दिली असती तर त्या तीस कळ्यांनाही पेन लागलं नसतं.