फोटोतला आंबा ओळखायचा तर आधी चोच बघा, रंग शेवटी

प्रश्न: कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत काल हा फोटो काढला. विक्रेता सगळ्याला हापूसच म्हणत होता, पण मला आंबे वेगवेगळे वाटतायत. पुढं क्रेट आहे, मागं ढीग आहे, उजवीकडं थोडे मोठे आंबे आहेत. आकार, चोच, रंग बघून कुठला आंबा कुठला हे कसं ओळखायचं?

उत्तर:

फोटोत मला चार जाती दिसतायत. पुढच्या क्रेटमध्ये हापूस आणि पायरी मिसळलेत, मागचा ढीग केसरचा आहे आणि उजवीकडचे मोठे पिवळे आंबे बदाम आहेत. एका फळाबद्दल मी काहीच सांगणार नाही, त्याचं कारण शेवटी येईल.

बहुतेकजण आधी रंग बघतात आणि तिथंच फसतात. आंब्यावरची लाली ऊन लागलेल्या बाजूला येते. एकाच झाडावर शेंड्याचं फळ तांबूस आणि पानाआडचं फळ साधं हिरवट-पिवळं असू शकतं. त्यात फळ किती पिकलंय त्यावर हिरवा रंग कमी-जास्त होतो, आणि मंडईतली ताडपत्री वर आणखी आपला रंग चढवते. तुमच्या फोटोत वर निळी ताडपत्री आहे. क्रेटखाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद बघा, तो पांढरट दिसायला हवा, पण निळसर दिसतोय. म्हणजे आंब्याचा पिवळा रंगही तेवढाच हिरवटाकडं झुकलाय. फोटोत कुठंही कागद, पांढरी पिशवी किंवा तराजूचं पांढरं पारडं असेल तर आधी त्याचा रंग बघायचा आणि मग आंब्याच्या रंगावर बोलायचं.

आकार मात्र ऊन-सावलीनं बदलत नाही. त्यासाठी फळ कुठल्या बाजूनं दिसतंय हे आधी ठरवावं लागतं. आंबा चपटा असतो. त्याला दोन सपाट गाल असतात आणि दोन कडा, एक पोटाची आणि एक पाठीची. चोच नेहमी पोटाच्या कडेवर, तळाच्या जरा वर असते. फुलात असताना तिथं स्त्रीकेसराची दांडी होती, तिची ती खूण. काही जातींत ही खूण नुसता ठिपका असते, काहींत तिथं टेंगूळ येतं आणि त्याच्या लगेच वर, देठाच्या दिशेला, खाच पडते. गाल कॅमेऱ्याकडं असेल तर दोन्ही खांदे, पोट, खाच आणि चोच सगळं बाह्यरेषेवर दिसतं. पोटाची कड कॅमेऱ्याकडं असेल तर चोच फळाच्या मधोमध येते आणि जवळपास दिसेनाशी होते. तेव्हा फोटोतली सगळी फळं तपासत बसू नका. गाल दाखवणारी दोन-तीन फळं शोधा, तेवढी पुरतात.

आता पुढचा क्रेट. डावीकडून पहिली दोन फळं नेमकी गालावर पडलीत. देठापासून पोटाच्या बाजूनं बोट फिरवल्यासारखी नजर खाली न्या. पोटाकडचा खांदा रुंद आणि उंच आहे, पाठीकडचा त्यापेक्षा उतरता, म्हणून देठ मधोमध न वाटता जरा तिरका बसल्यासारखा वाटतो. त्या रुंद खांद्यापासून रेषा अखंड, भरलेली खाली येते आणि तळाला गोल वळते. मध्ये कुठं खड्डा नाही, टेंगूळ नाही. चोचीच्या जागी फार तर एक बारीक ठिपका. हा हापूस. खांद्यावर फिकट तांबूस झाक आहे, ती हापूसला असतेच असं नाही, पण इथं आकाराला धरून आहे.

तिसरं फळ बघा. रंग जवळपास तोच, उलट खांद्यावरची लाली जास्त गडद, म्हणून घाईत बघणाऱ्याला तेच जास्त चांगला हापूस वाटेल. पण पोटाची रेषा बघा. खांद्यापासून उतरत येते, तळाच्या वर आत दबते आणि लगेच बाहेर येऊन टोक काढते. त्या दबलेल्या जागेत अर्धचंद्रासारखी सावली पडलीय, फोटो मोठा केलात तर स्पष्ट दिसेल. फळ हापूसपेक्षा गोलसर आणि जरा लहान आहे. ही पायरी. हापूस आणि पायरी वेगळे काढायला ही सावली सगळ्यात भरवशाची, कारण ती रंगावर नाही, फळाच्या घडणीवर पडते. हात लावता आला तर अंगठा पोटाच्या कडेवरून देठाकडून खाली सरकवा. पायरीवर तो खाचेत बसतो आणि मग चोचीला अडतो, हापूसवर सरळ घसरत जातो.

पायरी वाईट असते असं कुणी समजू नये. आमरसाला ती उत्तमच, कित्येक घरांत रसासाठी मुद्दाम पायरीच आणतात. तक्रार एवढीच की पायरीचा आणि हापूसचा भाव एक नसतो, आणि एका क्रेटमध्ये मिसळून हापूसच्या भावानं विकणं हे गिऱ्हाइकाला फसवणं आहे.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. हापूसचे खांदे फळ तयार होताना भरतात. पूर्ण जून झालेल्या फळाचे खांदे देठाच्या वर येतात आणि देठ खळगीत बसतो. कोवळं उतरवलेलं फळ खांद्याला उतरतं दिसतं, देठ खळगीत नसतो. असं फळ बघून हा हापूस नाही असं म्हणू नका. जात हापूसचीच असेल, फक्त लवकर काढलाय. पण चोच नसणं ही खूण कोवळ्या फळातही टिकते, म्हणून मी खांद्यांपेक्षा चोचीला जास्त मान देतो.

मागचा ढीग दुरून हापूससारखा वाटला तर नवल नाही, अंगावर केशरी-पिवळी छटा आहे. पण फळं लांबट आहेत. हापूसचं पोट जिथं फुगतं तिथं ही सपाट राहतात आणि खालचं टोक चोचीच्या बाजूला किंचित वळून येतं. चोच आहे, पण पायरीसारखी खोल खाच तिच्यावर नाही. लांबट अंग, वळलेलं टोक आणि उथळ खाच हे तिन्ही एकत्र आले की केसर म्हणायला हरकत नाही. मूळ जुनागढचा हा आंबा आता मराठवाड्यातही भरपूर होतो आणि आपल्याकडं हापूसच्या मागोमाग येतो. तुमचा फोटो मे महिन्यातला आहे, म्हणजे काळही जुळतो. फोटो कधी काढला हे म्हणून नेहमी लिहा. मार्चमध्ये असा ढीग दिसला असता तर मी केसर म्हणताना दोनदा विचार केला असता.

उजवीकडचे मोठे आंबे सोपे. आकारानं हापूसपेक्षा ठळक मोठे, तिरके लंबगोल, साल गुळगुळीत आणि रंग सगळीकडं एकसारखा लिंबासारखा पिवळा, लालीचा मागमूस नाही. चोच नाही. हा आपल्याकडचा बदाम, आंध्रचा बैंगनपल्ली. चोच नसल्यामुळं हापूस म्हणून खपवायला हाच सगळ्यात सोयीचा, पण आकार आणि लालीचा अभाव त्याला उघडं पाडतो. सीमेपलीकडून माल येतो म्हणून एक सावधगिरी: कर्नाटकात बदामी म्हणजे हापूसच. तिकडच्या खोक्यावर बदामी लिहिलेलं असेल तर आधी आत डोकावा.

तोतापुरी तुमच्या फोटोत नाही. असता तर तुम्हाला विचारावंच लागलं नसतं, एवढी त्याची चोच आणि लांब अंग वेगळं असतं. लालबाग मात्र पायरीशी गोंधळ घालतो, कारण त्याचाही वरचा भाग लाल. त्याला पायरीसारखी ठसठशीत चोच आणि खाच नसते, आणि लाली खांद्यापुरती न राहता खालीही पसरते. रायवळाचं नाव फोटोवरून विचारूच नका. कोयीपासून उगवलेल्या झाडाचं फळ आपल्या तऱ्हेचं असतं, शेजारच्या रायवळाशीही त्याचा मेळ बसत नाही.

आता पुढचा प्रश्न तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो. पुढचा हापूस देवगडचा की कर्नाटकचा, हे मी या फोटोवरून सांगू शकत नाही आणि कुणी ठामपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. जात एकच आहे, बाह्यरेषाही तीच. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. म्हणजे फरक मुलखाचा आहे. तो वास, सालीची जाडी आणि कापल्यावरचा गराचा रंग यांत शोधावा लागतो, आणि त्यातलं काहीच सालीच्या फोटोत येत नाही.

तसंच सगळा क्रेट एकसारखा पिवळा दिसला म्हणून कार्बाइडचा शिक्का मारू नका. अढीत पिकलेल्या फळांत एक हिरवट, एक पिवळं असा फरक राहतो हे खरं, पण कायद्यानं परवानगी असलेल्या इथिलीनच्या खोलीतही आंबे एकसारखे पिवळे होतात. फोटो दोन्हीत फरक करू शकत नाही.

राहिलं ते क्रेटच्या उजव्या कोपऱ्यातलं फळ. त्याचा देठ थेट कॅमेऱ्याकडं आहे. वरून फक्त खांदे आणि देठाची खळगी दिसते, चोच पूर्ण फळाआड गेलीय. शिवाय मोबाईल इतक्या जवळ धरलाय की पुढचं टोक फुगून दिसतं, म्हणून खांद्यांची रुंदीही खरी मानता येत नाही. हापूस आणि पायरीतलं काहीही असू शकतं.

पुन्हा गेलात तर विक्रेत्याला ते फळ गालावर आडवं ठेवायला सांगा. हातभर लांबून, ताडपत्रीबाहेरच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून फोटो घ्या. त्याच फळाचा दुसरा फोटो पोटाची कड समोर ठेवून घ्या. दोन्ही इथं टाका, मग नाव सांगतो.