खोली वाढवून सेटलिंग टँक मोठा होत नाही

प्रश्न: नदीचं गढूळ पाणी आहे, दिवसाला साधारण २० लाख लिटर. जार टेस्ट करून तुरटीचा डोस कसा ठरवायचा, आणि सेटलिंग टँक केवढा बांधायचा? तुरटी बरी की पॉलिॲल्युमिनियम क्लोराईड, म्हणजे पीएसी?

बडोद्याला महीच्या काठावरच्या एका कारखान्यात पाण्याचं काम करत नोकरी संपवली. कारखान्याचं नाव सांगत नाही. तुमचं पाणी नेमकं आमच्या प्लांटइतकंच आहे, म्हणून लिहायला बसलो.

डोस ठरवताना बहुतेक लोक अर्धा तास थांबतात आणि सगळ्यात नितळ दिसणारा जार उचलतात. अर्ध्या तासाने चार जार सारखेच नितळ दिसतात, मग स्वस्तातला डोस निवडला जातो. टेस्टचा अर्धा उपयोग तिथेच वाया जातो.

दोन लिटरचे चौकोनी जार घ्या, पाण्याच्या पातळीखाली बरोबर १० सेंटीमीटरवर तोटी असलेले. तुरटीचं एक टक्का द्रावण त्याच दिवशी बनवा; दोन लिटरच्या जारमध्ये १ मिली म्हणजे लिटरला ५ मिलीग्रॅम. मिनिटाला १०० फेऱ्यांवर मिनिटभर जोरात ढवळा, मग मिनिटाला ३० फेऱ्यांवर वीसेक मिनिटं. पाती थांबवली की घड्याळ सुरू. तोटीत अडकलेलं पाणी आधी सांडून द्या आणि ३ मिनिटांनी व ५ मिनिटांनी नमुना घ्या. ५ मिनिटांत १० सेंटीमीटर म्हणजे मिनिटाला २ सेंटीमीटर, दिवसाला २८.८ मीटर. ५ मिनिटांच्या नमुन्यात जो गाळ उरला तो याहून सावकाश बसणारा. तुमच्या टँकचं माप इथून निघतं.

आमच्याकडे ऑगस्टमधल्या एका पुराचं पाणी होतं, गढूळपणा ६०० एनटीयूच्या आसपास. अर्ध्या तासाने ४०, ५० आणि ६० मिलीग्रॅमचे जार सारखेच, सगळे पाचच्या आत. पण ५ मिनिटांच्या नमुन्यात ४० ला ३५, ५० ला ९ आणि ६० ला ८. म्हणजे ५० पुरे, वरचे दहा फुकट. ५० चाच ३ मिनिटांचा नमुना मात्र ४० एनटीयू.

आता टँक. २००० घनमीटर भागिले २८.८, म्हणजे ७० चौरस मीटर. पण जारमध्ये ना वारा, ना इनलेटचा धक्का, म्हणून दीडपट धरा: १०५, समजा ५ बाय २१ मीटर, ३ मीटर खोल. मी हेच कागदावर मांडलं होतं. आमचे साहेब म्हणाले, "काका, दोन तास पाणी थांबलं की झालं, जागा कुठे आहे?" आणि १४ बाय ३ चा, ४ मीटर खोल टँक बांधून घेतला. हिशेबाने दोन तास भरतात, नाही कोण म्हणतंय! पण ४२ चौरस मीटरवर पाण्याचा वर चढायचा वेग दिवसाला ४७.६ मीटर, म्हणजे मिनिटाला ३.३ सेंटीमीटर. हा नेमका आमचा ३ मिनिटांचा नमुना. टँक खोल केला तर पाणी जास्त वेळ थांबतं खरं, पण फ्लॉकला, म्हणजे तुरटीने जमलेल्या गाळाच्या पुंजक्यांना, खाली जायचं अंतरही तेवढंच वाढतं. पहिल्याच पावसाळ्यात पांढुरके पुंजके वियरवरून, म्हणजे पाणी बाहेर पडायच्या काठावरून, फिल्टरवर जाऊ लागले. दोष ऑपरेटरवर आला, डोस ७० पर्यंत चढवला, म्हणजे तुरटी १०० किलोवरून रोजची १४० किलो. फरक शून्य. शेवटी टँकमध्ये ६० अंशात तिरके ट्यूब सेटलर बसवले, म्हणजे मी मागितलेलं क्षेत्रफळच मागच्या दाराने आणलं. साहेबांनी ते कधी मान्य केलं नाही.

खोलीला अजिबात अर्थ नाही असं नाही. गाळ साठायला जागा हवी, आणि टँक फार उथळ केला तर वाहतं पाणी तळचा गाळ पुन्हा उचलतं. फ्लॉक बसता बसता एकमेकांना चिकटून मोठाही होतो, त्यात खोलीची थोडी मदत होते. खोली ३ मीटरपेक्षा कमी ठेवू नका, बस.

आणखी एक. ५० मिलीग्रॅम तुरटी साधारण २५ मिलीग्रॅम अल्कॅलिनिटी खाते. पुराच्या पाण्यात ती कमी असते, म्हणून प्रत्येक जारचा पीएच बघा. साडेपाचच्या खाली घसरला तर फ्लॉक नीट बनत नाही, ॲल्युमिनियम पाण्यात विरघळून राहतं. चुना द्यावा लागेल. माझे आकडे उचलू नका, नदी रात्रीतून बदलते, पुरात तर रोज सकाळी नवी टेस्ट. पीएसीला अल्कॅलिनिटी कमी लागते, पैसे जास्त. तुमच्याच पाण्याचे तीन जार तिचेही लावून बघा, नमुना मात्र ५ मिनिटांचाच घ्या.