कमावते हात दोन, खाणारी तोंडे आठ

प्रश्न : ‘कामाला हात कमी पडतात’ यात ‘हात’ म्हणजे माणूस कसा काय? आणि लिहिताना असा प्रयोग कुठे करू नये?

हा लक्षणेचा प्रयोग आहे. नुसते हात कामाला येऊ शकत नाहीत, म्हणून शब्दाचा मूळ अर्थ अडतो, ज्याला मुख्यार्थबाध म्हणतात, आणि मन त्या हाताशी जोडलेल्या माणसापर्यंत पोहोचते. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात ‘कुन्ताः प्रविशन्ति’, म्हणजे ‘भाले आत शिरत आहेत’, हे उदाहरण दिले आहे. तेथे भालेकरी येतात, पण भालेही त्यांच्याबरोबर येतात, म्हणजे मूळ अर्थ सुटत नाही. ‘हात’ही याच जातीचा. ‘त्याची खुर्ची गेली’ या वाक्यात मात्र लाकडी खुर्ची जागची हललेलीही नसते, गेलेले असते ते पद.

परंतु ‘हात’ म्हणजे ‘माणूस’ एवढेच म्हटले, तर अर्धेच सांगितल्यासारखे होते. ‘घरात मिळवणारी माणसे दोनच आहेत आणि त्या मिळकतीवर आठ जणांचे पोट भरावे लागते’ हे लांबलचक वाक्य ‘कमावते हात दोन, खाणारी तोंडे आठ’ एवढ्यात मावते, ते केवळ शब्द गाळल्यामुळे नव्हे. निवडलेला अवयव माणसाबरोबर त्याचे कामही सांगतो, त्यामुळे एकच माणूस एकदा हात म्हणून आणि एकदा तोंड म्हणून मोजला जाऊ शकतो. मिळवणारे दोघेही जेवतातच, तेव्हा ते आठांतच आले आणि घरात माणसे आठ, दहा नव्हेत. मला या रचनेतले सर्वांत सुंदर वाटते ते हेच, की बेरीज न करता वाचकाला ओझे कळते. जिथे काम सांगायचे नसून नुसती गणती करायची असते, तिथे मराठी डोक्याकडे वळते : ‘दरडोई उत्पन्न’.

अडचण येते ती आकड्यात. ‘दोनाचे चार हात होणे’ या वाक्प्रचारात माणशी दोन हात धरलेले आहेत, तर ‘कमावते हात दोन’ यात माणशी एकच. मग ‘आणखी चार हात लागले तर काम उरकेल’ हे वाचून दोन माणसे बोलवावीत की चार? बोलण्यात हा ‘चार’ बहुधा ‘थोडे अधिक’ एवढ्याच अर्थाने येतो, म्हणून अडत नाही, पण सूचनापत्रात किंवा करारात नक्कीच अडेल, आणि तिथे सरळ ‘चार जण’ लिहावे.

दुसरी मर्यादा पुढच्या क्रियापदाची आहे. ‘दहा हात कामाला लागले’ येथवर ठीक, पण त्याच वाक्यात ‘आणि दुपारी जेवायला बसले’ असे जोडले, की वाचकाला एकदम सुटे हात पंगतीला बसलेले दिसू लागतात. ‘हात’ हा कर्ता हाताला शोभेल अशाच क्रियेपर्यंत टिकतो, म्हणून नव्या वाक्यात ‘ती माणसे’ असा कर्ता घेऊन मगच त्यांना जेवायला बसवावे.