पॉवर बीआय प्रो मध्ये दिवसाला ८ च रिफ्रेश मिळतात. डेटाबेस कंपनीच्या आतल्या सर्व्हरवर आहे, गेटवे लावलाय. दर १५ मिनिटांनी रिफ्रेश करता येईल का?

शेड्यूलने नाही होणार. प्रीमियम घेतलंत तरी ४८ मिळतात, म्हणजे अर्ध्या तासाला एक. पण हे "८ कमी पडतात" ऐकलं की माझं डोकंच फिरतं, कारण याच वाक्यावरून माझं आमच्या साहेबांशी सहा महिने वाजलं होतं.

भोसरीची कंपनी, ऑटो पार्ट्स. डिस्पॅचचा रिपोर्ट ईआरपीच्या एसक्यूएल सर्व्हरवरून यायचा. दर शुक्रवारी सकाळी साहेब रिपोर्ट उघडणार, त्यात बुधवारचा डेटा, आणि मग मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर, "तुझं ते पॉवर बीआय कुचकामी आहे, प्रीमियम घ्या." आता आठ रिफ्रेश नीट चालले असते तर दोन दिवसांचा जुना डेटा दिसेलच कसा, हे कुणी विचारेना.

शेवटी मी Refresh history उघडून बसलो. बुधवार सगळा Completed, गुरुवारी सकाळपासून ओळीने चार Failed आणि त्यानंतर काहीच नाही, एरर सुद्धा नाही. लागोपाठ चार वेळा फेल झालं की पॉवर बीआय शेड्यूलच बंद करून टाकतं, मग कुणीतरी हाताने परत चालू करेपर्यंत शांतता. तसा मेल जातो, पण तो मॉडेलच्या मालकाला, आणि आमच्या मॉडेलचा मालक दिवाळीतच नोकरी सोडून गेलेला! दर शुक्रवारी कुणीतरी शेड्यूल चालू करायचं, पण का बंद पडलं ते कुणी बघायचं नाही.

आणि गुरुवारीच का? एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी. गेटवे टाकला होता प्लॅनिंगच्या एका पीसीवर, आणि बुधवारी संध्याकाळी साफसफाईवाले मामा लाईटबिल वाचवायला त्या टेबलाचं मेन बटण बंद करायचे. मामांची काही चूक नाही. गेटवे हा सतत चालू लागणारा प्रोग्राम आहे, तो आतून बाहेर कनेक्शन धरून बसतो म्हणून फायरवॉलमध्ये बाहेरून आत यायला भोक पाडावं लागत नाही, पण मशीन झोपलं की सगळं संपलं. तो सर्व्हरवर टाका असं मी दोनदा लिहून दिलं होतं. आयटी म्हणाले सर्व्हरवर असलं काही टाकत नाही.

ते मिटलं तर महिनाअखेरीला नवीन रडगाणं. रिफ्रेशला एरवीच १ तास ५० मिनिटं लागायची, आणि प्रो मध्ये २ तासांची मर्यादा आहे. महिनाअखेरीला ईआरपीवर लोड आला की ती ओलांडायची आणि फेल. साहेब परत प्रीमियम, कारण तिथे ५ तास मिळतात. म्हणजे गळक्या टाकीला मोठी मोटर.

खरं कारण पॉवर क्वेरीत दुसऱ्याच स्टेपला होतं. कुणीतरी ट्रान्सपोर्ट रेटची एक्सेल फाइल मर्ज केली होती आणि तारखेचा फिल्टर त्याच्या खाली. एसक्यूएल सर्व्हरला एक्सेल कुठून माहीत असणार, त्यामुळे त्या स्टेपनंतरचं सगळं काम गेटवेच्या गळ्यात. पाच वर्षांच्या सुमारे ६० लाख ओळी त्या बिचाऱ्या ८ जीबीच्या पीसीवर यायच्या, मग तिथे गाळल्या जायच्या. ओळखायचं कसं, तर स्टेपवर राइट क्लिक करा, View Native Query फिकट दिसलं की बहुतेक तिथून पुढे काम सर्व्हरकडे जात नाहीये. मी फिल्टर सगळ्यात वर नेला, एक्सेल वेगळं टेबल करून मॉडेलमध्ये रिलेशनने जोडलं. ११ मिनिटं. एक रुपया खर्च न करता. मग इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावला (प्रो मध्ये चालतो, RangeStart आणि RangeEnd हे दोन पॅरामीटर याच नावांनी करावे लागतात), शेवटचे १० दिवस ताजे, बाकी जुनं तसंच. ४ मिनिटांच्या आत.

साहेबांनी मीटिंगमध्ये काय सांगितलं असेल? "आम्ही ऑप्टिमाइझ केलं."

तुमच्या १५ मिनिटांचं म्हणाल तर ज्या एका पानाला खरंच ताजा आकडा लागतो त्याचं टेबल डायरेक्टक्वेरीवर टाका, बाकी आठावर राहू दे. मात्र तेव्हा प्रत्येक क्लिकची क्वेरी गेटवेतून थेट डेटाबेसवर जाते, तेव्हा ईआरपीच्या चालू टेबलावर करू नका, डीबीएला विचारा, रिपोर्टसाठी डेटाबेसची वेगळी कॉपी असेल तर ती घ्या. आणि हो, इन्क्रिमेंटलचा पहिला रिफ्रेश सगळा जुना डेटा ओढतो, तो पण त्याच २ तासांत बसला पाहिजे. सगळे रिपोर्ट ९ वाजताच लावू नका, लोक हमखास लावतात, आणि ९ चा रिफ्रेश ९ लाच सुरू होईल असंही नाही, कधी कधी तासभर उशीर होतो.