ऑक्टोबरच्या बिलात १,०६८ रुपये व्याज कुठून आलं?

प्रश्न: कल्याणला माझा फ्लॅट आहे, भाड्याने दिलाय. तिमाही मेंटेनन्स १०,००० रुपये येतो. घरच्या आजारपणात एप्रिल आणि जुलैची बिलं भरायची राहून गेली. आता १ ऑक्टोबरचं बिल ३१,४१८ रुपयांचं आलंय. त्यात चालू आकार १०,०००, मागील बाकी २०,३५० आणि व्याज १,०६८. दर वर्षाला २१ टक्के लिहिलाय. हे बरोबर आहे का, आणि माझ्या वहीत नोंद कशी ठेवू?

उत्तर:

व्याज १९३ रुपयांनी जास्त लागलंय. रक्कम लहान आहे, पण ज्या पद्धतीने ती आली ती पद्धत चुकीची आहे. ती आत्ताच थांबवली नाही तर प्रत्येक बिलात येत राहील. मी आमच्या सोसायटीत नऊ वर्षं खजिनदार होते. हीच चूक आमच्याकडेही झाली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी २०,३५० हा आकडा फोडा. त्यात मुद्दल २०,००० आहे, म्हणजे दोन बिलं. उरलेले ३५० हे जुलैच्या बिलात लागलेलं व्याज. एप्रिलच्या बिलाची शेवटची तारीख ३० एप्रिल धरली, तर मे आणि जून असे दोन महिने झाले. दहा हजारांवर २१ टक्क्यांनी वर्षाचे २,१०० होतात, म्हणजे महिन्याचे १७५. दोन महिन्यांचे ३५०. इथपर्यंत सगळं बरोबर आहे.

आता जुलै ते सप्टेंबर. एप्रिलचं बिल तिन्ही महिने थकलेलं होतं, म्हणून ५२५. जुलैच्या बिलाची मुदत ३१ जुलैपर्यंत होती, त्यामुळे त्यावर ऑगस्ट आणि सप्टेंबरचेच ३५०. बेरीज ८७५. तुमच्याकडे १,०६८ लागलेत, कारण कुणीतरी (बहुतेक सॉफ्टवेअरने) २०,३५० ही अख्खी रक्कम घेऊन तिच्यावर सरळ तीन महिन्यांचं व्याज काढलंय. करून बघा, १,०६८ रुपये ३८ पैसे येतात.

म्हणजे चुका दोन आहेत. ३५० रुपयांच्या व्याजावर पुन्हा व्याज लागलं, आणि जुलैच्या बिलावर मुदत संपायच्या आधीच्या महिन्याचंही व्याज लागलं. आकडा बघून चूक ओळखता येते. १,०५० आले असते तर फक्त दुसरी चूक. ८९३ आले असते तर फक्त पहिली.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये थकबाकीवर सरळव्याजच सांगितलं आहे. दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा, आणि कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के. म्हणून आपल्या संस्थेची नोंदणीकृत उपविधीची प्रत आणि दर ठरवणारा सभेचा ठराव, दोन्ही मागून घ्या. बिलाच्या तळाशी छापलंय म्हणून दर खरा मानू नका.

आमच्याकडे ही चूक हिशेबनीस बदलल्यावर सुरू झाली. नव्या माणसाने १ एप्रिलला प्रत्येक सभासदाची आरंभीची शिल्लक एकाच आकड्यात भरली, मुद्दल आणि व्याज वेगळं न करता. त्या दिवसापासून यंत्राच्या दृष्टीने सगळंच मुद्दल झालं. एका आजींच्या खात्यात हे तीन वर्षं चाललं आणि आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

तुमच्या वहीतही मागील बाकीचा एकच रकाना ठेवू नका. प्रत्येक बिलासाठी एक ओळ करा: बिलाची तारीख, शेवटची मुदत, चालू आकार, त्या बिलात नव्याने लागलेलं व्याज, भरलेली रक्कम आणि पावती क्रमांक. शेवटी दोन वेगळे रकाने ठेवा, मुद्दल बाकी आणि व्याज बाकी. सप्टेंबरअखेर तुमची मुद्दल बाकी २०,००० आणि व्याज बाकी ३५० अधिक ८७५, म्हणजे १,२२५ होते. ऑक्टोबरचा चालू आकार धरून देणं ३१,२२५. पुढचं व्याज काढताना फक्त मुद्दलाच्या रकान्याकडे बघायचं.

चालू आकाराचे घटक एकदाच नीट तपासले की पुढे फक्त बदल झाला का एवढंच बघायचं असतं. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती व देखभाल निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के, जमिनीची किंमत वगळून. बांधकाम खर्च १६ लाख धरला तर तिमाहीला ३,००० आणि १,००० होतात. सेवा शुल्क आणि लिफ्टचा खर्च सगळ्या फ्लॅटना समान, पाणी मात्र नळांच्या संख्येवर आणि आकारावर.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे बिनभोगवटा शुल्क, कारण फ्लॅट भाड्याने आहे. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, संपूर्ण बिलाच्या नाही. सेवा शुल्क तिमाहीला ४,२०० असेल तर ४२० झाले. ९००-९५० लागत असतील तर कुणीतरी पूर्ण बिलावर टक्के काढलेत हे समजा.

घरपट्टी सोसायटीमार्फत येत असेल तर वहीत तिचा रकाना वेगळा ठेवा. भाड्याच्या उत्पन्नाचं विवरण भरताना प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते. मेंटेनन्स मात्र वेगळा वजा होत नाही, तो ३० टक्क्यांच्या ठोक वजावटीतच धरलेला असतो.

आता काय करायचं ते. सचिव आणि खजिनदार या दोघांच्या नावे पत्र द्या, सोबत वरचं गणित जोडा आणि आपल्या खात्याचा उतारा मागा. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. वाद आहे म्हणून सगळे पैसे अडवू नका, कारण मुद्दलावर व्याज चालूच राहतं. ३१,२२५ भरा आणि पत्रात स्पष्ट लिहा: २०,००० एप्रिल व जुलैच्या मुद्दलाचे, १,२२५ व्याजाचे, १०,००० चालू बिलाचे. असं काही लिहून दिलं नाही तर बहुतेक ठिकाणी आलेली रक्कम आधी सोसायटीने लावलेल्या व्याजात वळती होते. मग तुमच्याकडून जादा लागलेले १९३ व्याजात जमा होतील आणि तेवढंच मुद्दल बाकी राहील, ज्यावर पुन्हा व्याज चढेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पैसे भरूनही जानेवारीच्या बिलात थोडं व्याज दिसेल, आणि ते योग्यच असेल. ऑक्टोबरच्या बिलातलं व्याज ३० सप्टेंबरपर्यंतचं आहे. त्यानंतर पैसे जमा होईपर्यंत २०,००० थकलेलेच होते. सोसायटी पूर्ण महिना धरत असेल तर ३५० लागतील. दिवसांवर मोजत असेल आणि तुम्ही १० ऑक्टोबरला भरलेत तर साधारण ११५. दोन्हींपैकी कोणती पद्धत आहे ते खात्याचा उतारा घेताना विचारून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.