रिटर्नची शेवटची ओळ आणि त्यावरच्या ओळी

प्रश्न: माझा स्वतःचा व्यवसाय आहे. कमाई कधी जास्त, कधी कमी. रिटर्नमध्ये उत्पन्न फारच थोडं दिसतं. घरासाठी कर्ज मिळेल का?

ते थोडं कशामुळे दिसतंय, यावर सगळं आहे. माझा कॅमेरे आणि दिवे भाड्याने देण्याचा व्यवसाय. पहिल्या बँकेतल्या अधिकाऱ्याने रिटर्नची शेवटची ओळ वाचली आणि फाईल परत केली. तो राग अजून गेलेला नाही, कारण मी काहीच लपवलं नव्हतं.

सोयीसाठी उलाढाल 100 धरतो. खर्च 60, यंत्रं जुनी होतात त्यापोटी दाखवलेला घसारा 18, यंत्रांच्या कर्जाचं व्याज 4, निव्वळ नफा 18. आदल्या वर्षी तो 24 होता. एरवी दोन वर्षांची सरासरी काढतात, पण उत्पन्न उतरलेलं दिसलं की बरेचजण ताजं वर्षच धरतात. 18 मधून कर 2 गेला, राहिले 16. सगळे हप्ते मिळून त्याच्या निम्म्यात बसायला हवेत, म्हणजे 8. यंत्रांच्या कर्जाचा हप्ताच 7. घरासाठी उरला 1.

दुसऱ्या बँकेत मी रिटर्नसोबत नफा-तोटा पत्रक, घसाऱ्याचा तक्ता आणि चालू कर्जाचा उतारा ठेवला. घसाऱ्यापोटी त्या वर्षी हातातून पैसे जात नाहीत, म्हणून तो नफ्यात परत मिळवतात. व्याजही मिळवतात, कारण पूर्ण हप्ता पुढे वजा होणारच असतो. नाहीतर तेच व्याज दोनदा कापलं जातं. 18, 18 आणि 4 मिळून 40, कर जाऊन 38, निम्मे 19, त्यातून 7 गेले की 12. रिटर्न तेच होतं.

माझे थोरले बंधू मात्र वर्षानुवर्षं सांगतात, "नफा दाखवूच नकोस, कर वाचव." दादा, 10 नफा दडवून 2 कर वाचला, तर बँकेच्या हिशेबात 8 उत्पन्न गेलं आणि हप्त्याची ताकद 4 ने घटली. असं दडवलेलं घसाऱ्यासारखं नफ्यात परत मिळवता येत नाही. अर्जाच्या तोंडावर जुनी रिटर्न वाढवून भरली, तर भरल्याची तारीख अधिकाऱ्याला दिसते आणि संशय येतो.

कमाईतल्या चढउतारापेक्षा न वटलेला हप्ता जास्त नडतो. मोठं बिल आलं की काही हप्त्यांचे पैसे वेगळ्या खात्यात टाका.

परत मिळवण्याचा हा हिशेब घसारा मोठा असेल तरच लागू. दरवर्षी रोखीने नवी यंत्रं घ्यावी लागत असतील, तर अधिकारी तो पूर्ण मिळवणार नाही. घसारा नसेल, तर काही संस्था 12 ते 24 महिन्यांची खात्यातली जमा पाहून कर्ज देतात. स्वतःच्याच खात्यांमधली देवाणघेवाण आणि उसने पैसे त्यातून वगळतात, उरलेल्यातला मोठा भाग खर्च धरतात. व्याज चढं असतं आणि घराच्या किमतीतला स्वतःचा वाटाही जास्त घालावा लागतो.